बारा कुठून आले? अल्जिब्रा टाइल्स घेऊन अवयव शिकवताना

दहावीच्या वर्गात वर्गसमीकरणं सुरू होती आणि मी फळ्यावर 2x² + 7x + 6 चे अवयव पाडत होते, नेहमीच्याच पद्धतीने, म्हणजे पहिला सहगुणक दोन, शेवटची संख्या सहा, दोन सक बारा, आता बाराचे असे दोन अवयव शोधा ज्यांची बेरीज सात येईल, तर चार आणि तीन, म्हणून 7x ची फोड 4x + 3x, मग कॉमन काढा आणि झालं. सगळ्या वर्गाने वहीत उतरवून घेतलं. आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पण दोन आणि सहाचा गुणाकार का करायचा? ते तर एकमेकांच्या शेजारीपण नाहीयेत."

मी तिला म्हटलं की उलटं गुणून बघ, बरोबरच येतं. ती म्हणाली, येतं ना, पण का करायचा ते नाही कळलं. आणि खरं सांगायचं तर तिला पटेल असं उत्तर त्या क्षणी माझ्याकडे नव्हतं. अक्षरं घेऊन सिद्धता फळ्यावर लिहिता आली असती, पण ती लिहून तिचा प्रश्न सुटला नसता, कारण तिला ते बारा कुठेतरी बघायचे होते. तेव्हा मी ठरवलं की या वर्षी अवयव टाइल्स घेऊन करायचे. याआधी मी टाइल्स फक्त लहान वर्गांना बेरीज-वजाबाकी दाखवायला वापरल्या होत्या, दहावीला कधीच नाही, कारण पोर्शन संपवायची घाई असते आणि हे सगळं खेळण्यासारखं वाटतं.

ज्यांनी टाइल्स पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीनच आकार असतात. एक मोठा चौरस, त्याची बाजू x, म्हणून त्याचं क्षेत्रफळ x². एक पट्टी, लांबी x आणि रुंदी एक, म्हणून तिचं क्षेत्रफळ x. आणि एक छोटा चौरस, एक बाय एक, क्षेत्रफळ एक. आमच्या वर्गात या छोट्या चौरसांना पोरांनी पहिल्याच दिवशी 'चिल्लर' नाव दिलं आणि तेच शेवटपर्यंत राहिलं, त्यामुळे मीही इथे चिल्लरच म्हणणार. एक बाजू निळी म्हणजे धन, उलटी केली की लाल म्हणजे ऋण. काम एवढंच, की बहुपदीत जेवढं दिलंय तेवढ्या टाइल्स घ्यायच्या आणि सगळ्या मिळून एक पूर्ण आयत करायचा, मध्ये फट नको आणि बाहेर काही उरायला नको. आयत झाला की त्याची लांबी आणि रुंदी हेच दोन अवयव, कारण आयताचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी.

मी जाड पुठ्ठा आणला, एका बाजूला निळा कागद चिकटवला, दुसऱ्या बाजूला लाल, आणि कापायला बसले. चिल्लर दोन सेंटिमीटरची, पट्टी दोन बाय दहाची आणि मोठा चौरस दहा बाय दहाचा. मापं सरळ होती, पट्टीने आखायला सोपी. आणि इथेच माझी चूक झाली, जी मला कापताना अजिबात कळली नाही, ती वर्गात कळली.

पहिला तास छान गेला. चार-चार जणांचे गट केले, x² + 5x + 6 दिलं, सुरुवातीला सगळ्यांनी पाचही पट्ट्या मोठ्या चौरसाच्या एकाच बाजूला लावल्या आणि मग सहा चिल्लर कुठे ठेवायची म्हणून बघत बसले, मग कुणीतरी दोन पट्ट्या खाली सरकवल्या, उजवीकडे तीन, खाली दोन, आणि कोपऱ्यात बरोबर तीन बाय दोनची जागा तयार झाली आणि सहा चिल्लर तिथे चपखल बसली. वरची बाजू x + 3, डावी बाजू x + 2. हे एका गटाला जमल्यावर दोन मिनिटांत सगळीकडे पोचलं. पट्ट्या दोन बाजूंना वाटायच्या आणि कोपरा भरायचा, एवढंच सूत्र त्यांनी आपापसात काढलं.

मग मी मुद्दाम x² + 4x + 5 दिलं. याचे अवयव पडत नाहीत. मला त्यांना हे दाखवायचं होतं की प्रत्येक बहुपदीचा आयत होतोच असं नाही, आणि कितीही प्रयत्न केले तरी इथे काहीतरी उरेल. दोन-तीन गट खटपट करत होते, दोन पट्ट्या इकडे, दोन तिकडे, कोपऱ्यात चार बसतात आणि एक उरते, तीन-एक केल्या तर तीन बसतात आणि दोन उरतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, झाला आयत!"

मी जाऊन बघितलं तर खरंच आयत झाला होता. मोठा चौरस, त्याच्या उजवीकडे चारही पट्ट्या उभ्या लावलेल्या आणि त्यांच्या पलीकडे पाच चिल्लर एकावर एक उभी रचलेली. कडा एकदम सरळ, कुठे फट नाही, काही उरलेलं नाही. मी क्षणभर गप्पच झाले. मग लक्षात आलं की माझी पट्टी दहा सेंटिमीटरची आहे आणि दोन-दोन सेंटिमीटरची पाच चिल्लर एकावर एक ठेवली की तीही बरोबर दहाच होतात, म्हणजे त्या पोरांनी चिल्लरीची पाचवी पट्टी बनवली होती.

मी म्हटलं, बाजू वाचा. त्यांनी वाचली, वर x आणि पाच म्हणजे x + 5, डावीकडे नुसता x. गुणा आता. x² + 5x. पण मी काय दिलं होतं? x² + 4x + 5. ते काही मानायला तयार नव्हते, म्हणाले पण मॅडम बसलंय ना बरोबर, तुम्हीच म्हणालात फट नको. आणि त्यांचं बरोबर होतं, नियम त्यांनी पाळला होता, टाइल्स चुकीच्या होत्या.

तेव्हा मी ते तसंच बाकावर ठेवलं, सगळा वर्ग भोवती बोलावला आणि म्हटलं x ऐवजी किमती घालून बघू. x पाच घेतला तर दोन्हीकडे पन्नास येतात. x दहा घेतला तर एकीकडे एकशे पंचेचाळीस आणि दुसरीकडे दीडशे. x एक घेतला तर एकीकडे दहा आणि दुसरीकडे सहा. म्हणजे तो आयत फक्त x पाच असतानाच खरा. आणि मग एक मुलगा जे बोलला ते मी सांगूनही इतकं चांगलं सांगितलं नसतं, तो म्हणाला, म्हणजे हे समीकरण झालं, अवयव नाही झाले. बरोबर तेच. अवयव पाडतो तेव्हा डावी बाजू आणि उजवी बाजू x च्या प्रत्येक किमतीला सारखी असते, आणि समीकरणात एखाद्या-दुसऱ्या किमतीला. हा फरक मी इतकी वर्षं तोंडी सांगत आले होते आणि दरवर्षी थोडीच मुलं लक्ष देऊन ऐकायची, इथे तो बाकावर पडलेला होता.

तरीही टाइल्स तशाच ठेवता येणार नव्हत्या. घरी जाऊन सगळे मोठे चौरस आणि पट्ट्या छाटल्या, दहाच्या ८.७ सेंटिमीटर केल्या. आता चार चिल्लर लावली तर ७ मिलिमीटरची फट राहते आणि पाच लावली तर १.३ सेंटिमीटर बाहेर येते, त्यामुळे पट्टीच्या जागी चिल्लर घुसवताच येत नाही. कुणी स्वतः टाइल्स करणार असेल तर ही एकच गोष्ट नक्की बघा, की पट्टीची लांबी चिल्लरीच्या पटीत येता कामा नये, कारण x किती आहे हे आपल्याला माहीतच नाहीये आणि पुठ्ठ्यानेही ते सांगायला नको.

दुसऱ्या तासाला मी परत त्या मूळच्या बहुपदीकडे आले, 2x² + 7x + 6. दोन मोठे चौरस, सात पट्ट्या, सहा चिल्लर. यावेळी आधी बसायची जागा ठरवून दिली, मोठे चौरस नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यात, चिल्लर खालच्या उजव्या कोपऱ्यात, पट्ट्या उरलेल्या दोन जागी. कारण पहिल्या दिवशी काही गट चिल्लर मध्येच कुठेतरी खुपसत होते आणि आयत झाला तरी बाजू वाचता येत नव्हती.

दोन चौरस शेजारी-शेजारी ठेवले, म्हणजे रुंदी 2x आणि उंची x. आता चिल्लरीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा असं मी सांगितलं, कारण पट्ट्यांपासून सुरुवात केली की वाटणीचे खूप पर्याय होतात, पण सहा चिल्लरीचे आयत चारच होतात. सहा रुंद एक उंच, एक रुंद सहा उंच, दोन रुंद तीन उंच, तीन रुंद दोन उंच. एकेक करून बघायचं. आता इथे एक गोष्ट पोरांना करूनच कळली, की चौरसांच्या उजवीकडे उभी पट्टी लावायची तर एका रकान्याला एकच पट्टी लागते, पण चौरसांच्या खाली आडवी ओळ लावायची तर एका ओळीला दोन पट्ट्या लागतात, कारण वर दोन चौरस आहेत. म्हणून दोन रुंद तीन उंच केलं तर उजवीकडे दोन पट्ट्या आणि खाली तीन ओळी म्हणजे सहा, एकूण आठ, एक जास्त लागली. सहा रुंद एक उंच, तर सहा आणि दोन, परत आठ. एक रुंद सहा उंच केलं तर तेरा. तीन रुंद दोन उंच, तर उजवीकडे तीन, खाली दोन ओळींत चार, एकूण सात. बसलं! वरची बाजू 2x + 3, डावी बाजू x + 2.

आता मी त्या मुलीला बोलावलं. म्हटलं, उजवीकडे किती पट्ट्या आहेत? तीन. खाली किती? चार. ही तुझी फोड, तीन आणि चार. आता कोपऱ्यातली चिल्लर बघ, ती तीन रुंद आणि दोन उंच, म्हणून सहा. उजवीकडच्या पट्ट्या तीन का, तर कोपरा तीन रुंद आहे म्हणून. खालच्या पट्ट्या चार का, तर कोपरा दोन उंच आहे, म्हणजे ओळी दोन, आणि प्रत्येक ओळीत दोन पट्ट्या, कारण वर चौरस दोन. मग तीन आणि चारचा गुणाकार कर, पण चार असं लिहू नको, दोन गुणिले दोन असं लिही. तिने लिहिलं, तीन गुणिले दोन गुणिले दोन. मग स्वतःच पहिल्या दोघांवर बोट ठेवून म्हणाली, हे तीन गुणिले दोन म्हणजे चिल्लर, सहा. आणि हा उरलेला दोन म्हणजे चौरस.

म्हणजे बारा हे तिथेच होते. पट्ट्यांच्या दोन गठ्ठ्यांचा गुणाकार केला की त्यात कोपऱ्याची लांबी-रुंदी पण येते आणि चौरसांची संख्या पण येते, म्हणून तो नेहमी चौरस गुणिले चिल्लर एवढाच होणार. ती जे म्हणाली होती की दोन आणि सहा एकमेकांच्या शेजारी नाहीयेत, तेही खरंच होतं, आयतात ते समोरासमोरच्या कोपऱ्यात आहेत आणि पट्ट्यांचे दोन गठ्ठे उरलेल्या दोन कोपऱ्यांत. तिने ते चित्र वहीत काढलं आणि त्याखाली एवढंच लिहिलं, "समोरासमोरचे गुणाकार सारखे".

त्याच आयतावर अजून एक गोष्ट दाखवली. वहीत आपण लिहितो 2x² + 4x + 3x + 6, मग पहिल्या दोन पदांतून 2x कॉमन काढतो, पुढच्या दोनांतून 3, आणि दोन्हीकडे कंसात x + 2 यायलाच हवं, नाही आलं तर काहीतरी चुकलंय असं मुलांना सांगतो. मी त्या आयतामध्ये एक उभी पेन्सिल ठेवली, चौरस आणि खालच्या चार पट्ट्या डावीकडे, उभ्या तीन पट्ट्या आणि चिल्लर उजवीकडे. डावा तुकडा 2x रुंद, उजवा तुकडा 3 रुंद, आणि दोन्हींची उंची x + 2. एकाच आयताचे दोन तुकडे आहेत म्हटल्यावर उंची सारखीच असणार. कंस सारखा का येतो याचं कारण एवढंच आहे, आणि पेन्सिल ठेवायला मला पाच सेकंद लागले.

तिसरा तास ऋण चिन्हांचा, आणि तो अवघड गेला हे मोकळेपणाने सांगते. x² − x − 6 दिलं. एक निळा चौरस, एक लाल पट्टी, सहा लाल चिल्लर. आता आयत करायचा कसा, पट्टी एकच आहे! चिल्लर दोन बाय तीन रचली तर भोवती पट्ट्यांच्या पाच जागा रिकाम्या. इथे शून्य जोडी वापरायची असते, म्हणजे एक निळी पट्टी आणि एक लाल पट्टी बरोबरच आणायची, दोघींची बेरीज शून्य, त्यामुळे बहुपदी बदलत नाही. जागा पाच, हातात एक, म्हणजे अजून चार हव्यात, म्हणजे दोन जोड्या. आता लाल झाल्या तीन आणि निळ्या दोन. तिन्ही लाल उजवीकडे उभ्या, दोन्ही निळ्या खाली आडव्या, कोपऱ्यात लाल चिल्लर तीन रुंद दोन उंच. वरची बाजू x − 3, डावी बाजू x + 2.

शून्य जोडीची कल्पना त्यांना पटायला वेळ लागला नाही, पण जोडी ठेवायची कुठे यात गोंधळ झाला. पुढचं उदाहरण x² − 4 होतं, त्यात पट्ट्याच नाहीत. एका गटाने दोन जोड्या आणल्या आणि उजवीकडे एक निळी एक लाल, खाली एक निळी एक लाल, असं बरोबर वाटून लावलं आणि कोपऱ्यात चार लाल चिल्लर ठेवली. आयत दिसायला एकदम पूर्ण. पण वरची बाजू वाचली की x + 1 − 1, म्हणजे नुसता x, आणि डावी बाजूही x. गुणाकार x². चार लाल चिल्लर गेली कुठे?

इथे मग प्रत्येक चिल्लरीचा रंग तपासायची सवय लावावी लागली. कोपऱ्यातली प्रत्येक चिल्लर कोणत्या उभ्या पट्टीच्या खाली आणि कोणत्या आडव्या पट्टीच्या शेजारी आहे ते बघायचं. दोन्ही पट्ट्या एका रंगाच्या असतील तर चिल्लर निळी, वेगळ्या रंगाच्या असतील तर लाल. त्या गटाच्या रचनेत असं तपासलं तर दोन चिल्लर निळी यायला हवी होती आणि दोन लाल, त्यांनी चारही लाल ठेवली होती. म्हणजे रचना चुकली. दोन्ही लाल उजवीकडे आणि दोन्ही निळ्या खाली केल्या की चारही चिल्लर लाल, आणि x − 2, x + 2 मिळाले.

हे तपासायला लागल्यावर त्यांनी स्वतःहून एक आडाखा बांधला, की चिल्लर लाल असेल तर एका बाजूला लाल पट्ट्या आणि एका बाजूला निळ्या, आणि चिल्लर निळी असेल तर दोन्ही बाजूंना एकच रंग, तो कोणता ते मधल्या पदावरून कळतं. x² − 5x + 6 मग कुणाला अडलंच नाही. पण एक सांगायला हवं, लाल टाइल्स आल्या की ते आता खरं क्षेत्रफळ राहत नाही, पुठ्ठा तर तेवढीच जागा अडवतो आणि आपण त्याला ऋण म्हणतोय. एका मुलाने हे विचारलंसुद्धा, की बाजू x − 3 आहे तर आयत x पेक्षा मोठा कसा दिसतोय. मी त्याला सांगितलं की इथून पुढे हा आयत म्हणजे गुणाकाराचा तक्ता आहे असं समज, माप म्हणून बघू नको. हे मी त्या तासाच्या सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, निळ्या टाइल्सवर दोन दिवस मापाचं सांगून मग रंग बदलल्यावर मुलं गोंधळणारच.

आणि मग टाइल्स बाजूला ठेवल्या. x² + 2x − 48 ला अठ्ठेचाळीस चिल्लर मांडण्यात काही अर्थ नाही. त्याच चार जागांची चौकट वहीत काढायची, वर डावीकडे x², खाली उजवीकडे −48, उरलेल्या दोन घरांत 8x आणि −6x, आणि कडेला बाजू लिहायच्या, x + 8 आणि x − 6. ज्यांना चौकटही नको असेल त्यांनी सरळ फोड करावी. दोन-चार मुलं मात्र अजून चौकटच काढतात आणि मी त्यांना थांबवत नाही, ताळाही त्यातच होतो.

आता एक राहिलं होतं. पहिल्या दिवशीचं x² + 4x + 5 कुणी विसरलं नव्हतं, आणि मध्ये मी x² + 5x + 3 पण दिलं होतं, त्याचाही आयत झाला नव्हता. वर्गाचा निष्कर्ष असा की दोन्हींचे अवयव नाहीत, विषय संपला. पण तो अर्धवट निष्कर्ष आहे. टाइल्स फक्त पूर्ण टाइल्सचा आयत होतो की नाही तेवढंच सांगतात, त्यामुळे या दोन बहुपदी त्यांना सारख्याच दिसतात, आणि त्या सारख्या नाहीत. विवेचक काढला तर एकीचा −4 येतो आणि दुसरीचा 13.

मी हे फळ्यावर लिहिणार तेवढ्यात तोच मागच्या बाकावरचा मुलगा, ज्याने चिल्लरीची पट्टी केली होती, त्याने विचारलं, "मॅडम, पट्टी कापली तर चालेल का?"

मी म्हटलं काप. त्याने x² + 5x + 3 घेतलं आणि पाचवी पट्टी लांबीत मधोमध कापली, म्हणजे उजवीकडे अडीच पट्ट्या आणि खाली अडीच. मग कोपऱ्यात अडीच बाय अडीचची जागा तयार झाली. किती चिल्लर लागेल ते आम्ही सगळ्यांनी मिळून मोजलं, चार पूर्ण, चार अर्ध्या आणि कोपऱ्यातली एक पाव, म्हणजे सव्वासहा. हातात होती तीन, म्हणजे सव्वातीन कमी पडली. फळ्यावर मी त्याच्याच शब्दांत लिहिलं, पूर्ण चौरस वजा सव्वातीन:

```
x² + 5x + 3 = (x + 2.5)² − 3.25
```

मग लगेच x² + 4x + 5 मांडलं. दोन पट्ट्या उजवीकडे, दोन खाली, कोपऱ्यात चार चिल्लर बसली आणि एक हातात उरली.

```
x² + 4x + 5 = (x + 2)² + 1
```

एकीत चिल्लर कमी पडली, दुसरीत उरली. कमी पडली तर ते दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येतं, फक्त 3.25 चं वर्गमूळ करणीत येतं म्हणून आमच्या पूर्ण टाइल्सना ते जमलं नव्हतं. आणि उरली तर वर्गात एक मिळवलेला आहे, वर्ग शून्यापेक्षा लहान होत नाही, म्हणून ही बहुपदी कधी शून्य होणारच नाही. पूर्ण वर्ग पद्धती मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते, ती तिथेच सुरू झाली, आणि त्या तासाला मला फक्त अजून दोन कात्र्या मागवाव्या लागल्या, कारण आता प्रत्येक गटाला आपली पट्टी कापायची होती.